प्रत्येक वाक्य खरं, तरी प्रॉस्पेक्टस दिशाभूल करणारा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत एखादी फाउंड्री चांगली चालली की हल्ली पुढची पायरी ठरलेली असते. कंपनी पब्लिक लिमिटेड करायची, इश्यूचं काम बघणारा मर्चंट बँकर गाठायचा आणि शेअर बाजाराच्या एसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या विभागात आयपीओ आणायचा. मग संचालक मंडळ भरायचं काम सुरू होतं. गावात वजन असलेला माणूस शोधतात. निवृत्त प्राचार्य किंवा नावाजलेले डॉक्टर सापडतात. त्यांना सांगतात, "सर, तुमी फक्त नाव द्या. बाकी सगळं सीए बघतो." सर नाव देतात, एक मुखत्यारपत्र सही करून देतात, आणि शेअर विकण्याआधी कंपनीची माहिती देणाऱ्या चारशे पानी इंग्रजी दस्तऐवजाच्या, म्हणजे प्रॉस्पेक्टसच्या शेवटी त्यांच्या नावाने सही होते.

त्या सहीची किंमत किती, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक सांधा प्रत्यक्षात असाच बसतो.

कंपनी ओतकामाची. ट्रॅक्टर आणि पंपांचे सुटे भाग बनवते. आयपीओ सुमारे 19 कोटींचा, शेअरची किंमत 95 रुपये. प्रॉस्पेक्टसमध्ये दोन गोष्टी ठळक छापल्या आहेत. पहिली: तीन वर्षांची विक्री 31 कोटी, 38 कोटी, 47 कोटी. दुसरी: 31 मार्च रोजी हातातल्या ऑर्डरी 42 कोटींच्या.

दोन्ही आकडे खरे आहेत. विक्रीचं ऑडिटही झालेलं आहे. आता न छापलेलं पाहू. शेवटच्या वर्षाच्या 47 कोटींतला 9 कोटींचा माल संकेश्वरच्या एका ट्रेडिंग फर्मने घेतला होता आणि त्यातले 7 कोटी अजून यायचे होते. ही फर्म मुख्य प्रवर्तकाच्या मेव्हण्याची. ते 9 कोटी बाजूला काढले तर विक्री 38 वरून 38 वरच राहते, म्हणजे वाढ शून्य. आणि 3 जूनला सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाने ईमेल करून 17 कोटींची ऑर्डर रद्द केली होती. 8 जूनला संचालक मंडळाने दस्तऐवज मंजूर केला, 10 जूनला तो कंपनी निबंधकाकडे दाखल झाला, 15 ते 17 जून इश्यू खुला राहिला. '31 मार्च रोजी' हे शब्द असल्यामुळे 42 कोटींचं वाक्य 10 जूनलाही शब्दशः खरंच होतं. पण वाचणारा जूनमध्ये पैसे घालत होता आणि त्या दिवशी हातात 25 कोटीच होते.

कायद्याची कसोटी नेमकी इथे लागते. कंपनी कायदा 2013 चं कलम 34 फौजदारी शिक्षेचं आहे, आणि ते फक्त खोट्या विधानाबद्दल बोलत नाही. विधान ज्या रूपात आणि ज्या संदर्भात आलं त्यात दिशाभूल करत असेल, किंवा काही घातल्याने वा गाळल्याने दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तरी ते याच कलमात बसतं. कलम 35 मध्ये नुकसानभरपाईसाठीही विधान, घातलेली बाब आणि गाळलेली बाब असे तिन्ही प्रकार आहेत. म्हणून "यातलं एक वाक्य खोटं दाखवा" हे प्रवर्तकाचं आव्हान कायद्यात टिकत नाही.

या तत्त्वाला जुना इंग्रजी आधार आहे. रॉयल मेल या जहाज कंपनीने 1928 मध्ये कर्जरोख्यांसाठी प्रॉस्पेक्टस काढला. त्यात आधीच्या वर्षांत दिलेल्या लाभांशाचे आकडे होते आणि ते सगळे बरोबर होते. धंदा मात्र तोट्यात होता आणि लाभांश जुन्या गंगाजळीतून निघत होता, हे कुठेच म्हटलं नव्हतं. 1931 मध्ये अध्यक्ष लॉर्ड किलसँट यांना बारा महिन्यांची कैद झाली. वकील आजही हा दाखला देतात, कारण अर्धं सांगून पूर्ण फसवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

मेव्हण्याच्या फर्मबद्दल कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा असतो. "मेव्हणा कायद्याने नातेवाईक नाहीच," असं सीए सांगतो, आणि अर्ध्यापुरतं ते बरोबर आहे. कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत नवरा-बायको, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आहेत, मेव्हणा नाही. पण पब्लिक इश्यूला सेबीचे वेगळे नियम लागू होतात. त्यांतल्या 'प्रवर्तक गट' या व्याख्येत बायकोचे आईवडील, भाऊ, बहीण येतात, आणि प्रवर्तक व त्याच्या नातेवाइकांचा मिळून 20 टक्के किंवा जास्त वाटा असलेली फर्मही येते. गंमत म्हणजे मराठीत बायकोच्या भावालाही मेव्हणा म्हणतात आणि बहिणीच्या नवऱ्यालाही. सेबीच्या व्याख्येत पहिला बसतो, दुसरा बसत नाही. तेव्हा "मेव्हणा आहे" एवढ्याने काम भागत नाही, कुठला मेव्हणा ते विचारावं लागतं. आपल्या उदाहरणातला बायकोचा सख्खा भाऊ आहे आणि फर्म त्याच्या एकट्याची आहे, म्हणून ती दाखवायलाच हवी होती. समजा तो बहिणीचा नवरा असता, तरी सुटका नव्हती. वाढ दिसते ती सगळी एकाच घरच्या फर्मकडून आलेली आहे आणि पैसे आलेले नाहीत, हे गाळल्याने वाचणाऱ्याची दिशाभूल होते की नाही, हा कलम 35 चा प्रश्न उरतोच.

आता पैसे कोणी द्यायचे? कलम 35 ची यादी लांब आहे. स्वतः कंपनी, प्रॉस्पेक्टस निघाला तेव्हा संचालक असलेले सगळे, संचालक किंवा होणारे संचालक म्हणून आपलं नाव छापू दिलेले, प्रवर्तक, प्रॉस्पेक्टस काढायला मान्यता देणारे, आणि ज्यांचा अहवाल त्यात वापरला ते तज्ज्ञ. आपल्या कंपनीत अशी चार माणसं पाहण्यासारखी आहेत.

पहिला व्यवस्थापकीय संचालक. त्याच्याबद्दल फार बोलायला नको. ईमेल त्यालाच आला होता.

दुसरे त्याचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणतात. फाउंड्री त्यांनीच उभी केली, पण आता कागदावर ते कुठेच नाहीत. शेअर मुलांच्या नावावर आहेत, पद नाही, सही नाही. तरी मंडळाची बैठक त्यांच्या ओसरीवर ठरते आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय ठराव होत नाही. कायद्याची प्रवर्तकाची व्याख्या अशा माणसासाठीच रुंद ठेवली आहे. प्रॉस्पेक्टसमध्ये प्रवर्तक म्हणून नाव असलेला तर येतोच, पण कंपनीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष ताबा असलेला येतो, आणि ज्याच्या सल्ल्याने व सूचनेने वागण्याची मंडळाला सवय आहे तोही येतो. या शेवटच्या प्रकारातून निव्वळ व्यावसायिक नात्याने सल्ला देणारे वकील आणि सीए वगळले आहेत. आबा त्या अपवादात बसत नाहीत. अर्थात हे सिद्ध करायला पुरावा लागतो. बैठकीचे मेसेज, बँकेतले हमीपत्र, गिऱ्हाईकाशी झालेला पत्रव्यवहार अशा गोष्टी उपयोगी पडतात.

तिसरे आपले प्राचार्य सर, स्वतंत्र संचालक. ते म्हणतात, "मला दाखवलं ते मी खरं मानलं." फौजदारी बाजूला हा बचाव आहे. विधान खरं आहे असं मानायला वाजवी कारण होतं आणि प्रॉस्पेक्टस निघेपर्यंत तसं मानलं होतं, हे त्यांनी सिद्ध केलं तर कलम 34 लागत नाही. लक्षात ठेवायचं ते हे की सिद्ध त्यांनी करायचं आहे. भरपाईच्या बाजूला मात्र गोष्ट कडक आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. 1956 च्या जुन्या कायद्यात कलम 62 खाली "वाजवी कारणाने खरं मानलं" हा बचाव भरपाईच्या दाव्यातही होता. 2013 च्या कायद्याने तो कलम 35 मध्ये घेतलाच नाही. तिथे आता तीनच वाटा आहेत. संचालक व्हायची संमती प्रॉस्पेक्टस निघण्याआधी मागे घेतली आणि तो आपल्या अधिकाराशिवाय निघाला. किंवा तो आपल्या नकळत निघाला आणि कळताच आपण जाहीर नोटीस दिली. किंवा चुकीचं विधान तज्ज्ञाचं होतं, ते जसंच्या तसं छापलं होतं, आणि तो तज्ज्ञ लायक आहे व त्याने लेखी संमती दिली आहे असं मानायला वाजवी आधार होता. ही तिसरी वाट 2017 च्या दुरुस्तीने आली.

सरांना यातली एकही वाट सरळ मिळत नाही. त्यांना आधार मिळू शकतो तो कलम 149 च्या पोटकलम 12 चा. स्वतंत्र संचालक फक्त अशाच कृत्यांना जबाबदार असतो जी मंडळाच्या कामकाजातून त्याला माहीत होती आणि त्याच्या संमतीने वा संगनमताने झाली, किंवा जिथे त्याने तत्परतेने काम केलं नाही. हे पोटकलम कायद्यातल्या इतर तरतुदींना बाजूला सारून लागू होतं, म्हणून त्याचं वजन मोठं आहे. पण शेवटचे शब्द पुन्हा वाचा. 8 जूनच्या बैठकीत सरांनी विचारलं का, की मार्चनंतर ऑर्डरींत काही बदल झाला? 47 कोटींतले पहिले पाच गिऱ्हाईक कोण? उधारी कुणाकडे अडकली? हे प्रश्न इतिवृत्तात नोंदले असतील आणि त्यांना खोटं उत्तर दिलं गेलं असेल, तर सर बरेचसे सुरक्षित आहेत. इतिवृत्तात फक्त "मसुदा चर्चेअंती मंजूर" असेल आणि सर त्या दिवशी नातवाच्या मुंजीला खानापूरला असतील, तर "मी नव्हतोच" हा त्यांचा बचाव राहत नाही. उलट तत्परतेचा अभाव त्यातूनच दाखवला जातो. मुखत्यारपत्राने दुसऱ्याने केलेली सही ही त्यांचीच सही असते.

चौथा संचालक शहाणा निघाला, पण अर्धाच. त्याला ऑर्डर रद्द झाल्याचं 5 जूनला कळलं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर "मी राजीनामा देतो" असं टाकलं आणि गप्प बसला. 10 जूनला दाखल झालेल्या दस्तऐवजात त्याचं नाव तसंच राहिलं. राजीनामा कंपनीला नोटीस पोचल्यापासून किंवा त्यात लिहिलेल्या तारखेपासून, यांतलं जे नंतरचं, तेव्हापासून लागू होतो. म्हणून नोटीस लेखी, तारीखवार आणि पोच घेऊन द्यायला हवी. शिवाय त्याने स्वतःच निबंधकाकडे DIR-11 हा फॉर्म भरायला हवा होता, कारण कंपनी आपला फॉर्म भरेलच याची खात्री नसते. मर्चंट बँकर आणि एक्स्चेंजला ईमेल करून आपली संमती मागे घेतल्याचं कळवायला हवं होतं. तरीही नाव छापून आलंच, तर त्याच दिवशी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. कायद्यात शब्द 'ताबडतोब' या अर्थाचा आहे. शेअर पडल्यावर नोव्हेंबरात दिलेली नोटीस त्याला वाचवत नाही.

तज्ज्ञांच्या वाटेबद्दल थोडं. ऑर्डरींच्या आकड्याखाली बहुधा सीएचं प्रमाणपत्र असतं आणि संचालक त्यामागे लपू पाहतात. प्रमाणपत्राची पहिली ओळ वाचावी. "व्यवस्थापनाने दिलेल्या माहितीच्या आधारे" असं असेल, तर ज्यांनी ती माहिती दिली त्यांना त्या कागदाची ढाल घेता येत नाही. इतर संचालकांना ती काही प्रमाणात मिळू शकते.

आता गुंतवणूकदाराची बाजू. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने दोन लॉट, म्हणजे 2,400 शेअर घेतले. 95 रुपयांनी 2,28,000 रुपये झाले. शेअर 101 ला नोंदला. नोव्हेंबरात सहामाही निकालात सगळं बाहेर आलं आणि भाव 52 वर आला. तो म्हणतो, एका शेअरमागे 43 रुपये गेले, 1,03,200 द्या. कलम 35 मध्ये भरपाईचं सूत्र दिलेलं नाही, पण नुकसान दिशाभुलीमुळे झालेलं असावं लागतं. कोर्टापुढे सहसा प्रश्न येतो तो असा: खरी माहिती माहीत असती, तर वाटपाच्या दिवशी या शेअरची किंमत किती असती? समजा मूल्यांकनकाराने 25 कोटींच्या ऑर्डरी आणि थांबलेली विक्री धरून 64 रुपये काढली. मग फरक 31 रुपयांचा, आणि भरपाई 74,400. 64 वरून 52 पर्यंतची घसरण बाजारामुळे आली, असं कंपनी म्हणणार, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं.

त्याच्या शेजाऱ्याने इश्यूत शेअर मिळाले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारातून 101 ने घेतले. त्याचा तोटा जास्त, पण कलम 35 त्याला नीट लागू पडत नाही. तिथे शब्द आहेत ते प्रॉस्पेक्टसवरून शेअरसाठी अर्ज करून घेणाऱ्याबद्दल. 1873 पासून इंग्रजी कोर्टांनीही असंच धरलं की प्रॉस्पेक्टसचं काम वाटपाबरोबर संपतं. शेजाऱ्याची वाट सेबीकडे जाते. आणि तिसऱ्याने नोंदणीच्याच दिवशी 101 ला विकले, त्याचा तोटाच नाही, मग दावा कसला?

फसवण्याचाच हेतू होता हे सिद्ध झालं, तर कलम 35 चं पोटकलम 3 लागतं आणि यादीतले लोक वैयक्तिकरीत्या, मर्यादेशिवाय जबाबदार होतात. कंपनीची 'मर्यादित' जबाबदारी तिथे आड येत नाही. फौजदारीत कलम 447: किमान सहा महिने, जास्तीत जास्त दहा वर्षं कैद, आणि दंड फसवणुकीच्या रकमेपासून तिच्या तिपटीपर्यंत. लोकहिताचा प्रश्न असेल तर किमान तीन वर्षं. मात्र गुंतवणूकदार स्वतः जाऊन 447 चा खटला भरू शकत नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या गंभीर फसवणूक तपास कार्यालयाच्या संचालकाची किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते.

सेबी स्वतः बरंच करू शकते. 2024 मध्ये ट्रॅफिकसोल या कंपनीच्या सुमारे 45 कोटींच्या एसएमई आयपीओत 17.70 कोटींचं सॉफ्टवेअर ज्या पुरवठादाराकडून घ्यायचं म्हटलं होतं, तो नावापुरताच असल्याचं तपासात निघालं. नोंदणी आधीच थांबवलेली होती, आणि डिसेंबरात सेबीने गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला सांगितले. पण हे नोंदणीआधी पकडलं म्हणून जमलं. शेअर हातोहात फिरू लागल्यावर पैसे परत देणं कितीतरी अवघड होतं.

सीमाभागात एक गोष्ट वेगळी घडते. दस्तऐवज इंग्रजीत, इश्यूची जाहिरात इंग्रजी, हिंदी आणि नोंदणीकृत कार्यालयाच्या ठिकाणच्या प्रादेशिक भाषेत, म्हणजे इथे सहसा कन्नडमध्ये. मराठी माणसापर्यंत पोचतं ते मराठी पत्रक, एखाद्या मंगल कार्यालयातलं भाषण आणि मोबाइलवरचा मेसेज. आपल्या उदाहरणात पत्रकावर छापलं होतं, "हातात 42 कोटींच्या ऑर्डरी!" '31 मार्च रोजी' हे शब्द गळाले आणि अर्धसत्य सरळ खोटं झालं. कंपनी म्हणते, पत्रक म्हणजे काही प्रॉस्पेक्टस नव्हे. पण कायद्याच्या व्याख्येत लोकांकडून शेअरसाठी अर्ज मागवणारी नोटीस, परिपत्रक, जाहिरातही प्रॉस्पेक्टसमध्ये धरली आहे. भाषणासाठी कलम 36 आहे: जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं विधान, वचन वा भाकीत करून पैसे घालायला लावणं. म्हणून ते पत्रक जपून ठेवावं आणि भाषणाचा व्हिडिओ असेल तर मूळ फाइल ठेवावी.

आणखी एक गैरसमज आधीच काढलेला बरा. आपल्याकडे सौहार्द सहकारी आणि मल्टिस्टेट सोसायट्यांचे शेअर घेण्याची सवय जुनी आहे. त्यांना हा कायदा लागू नाही. तिथला वाद सहकार कायद्याखाली चालतो.

कुठे जायचं हे नोंदणीकृत कार्यालयावर ठरतं. कंपनी कोगनोळीची असेल तर निबंधक आणि कंपनी लवाद बेंगळुरूला. तीच पाचदहा किलोमीटर पुढे कागलच्या एमआयडीसीत असेल तर निबंधक पुण्याचा आणि लवाद मुंबईचा. बाधित व्यक्ती एकटी किंवा गटाने दावा लावू शकते, कलम 37 तशी मुभा देतं, आणि 74,400 रुपयांसाठी एकट्याने वकील लावणं परवडत नाही हे उघड आहे. तीसचाळीस जण एकत्र आले की मूल्यांकनकाराचा खर्च तरी वाटला जातो. दिवाणी दाव्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची, आणि फसवणूक लपवली असेल तर ती कळल्यापासून मोजतात. scores.sebi.gov.in वरच्या तक्रारीला मात्र एकच वर्ष मिळतं, आणि त्या तक्रारीतून भरपाई मिळत नाही, चौकशी सुरू होऊ शकते.

तोवर दोन कागद शोधून ठेवावेत. एक, बँकेतून रक्कम अडवल्याचा आणि शेअर वाटप झाल्याचा मेसेज, म्हणजे आपण इश्यूतच अर्ज केला हे दिसतं. दुसरा, अर्जाच्या दिवशी उतरवलेला दस्तऐवज. इश्यू बंद झाल्यावर अंतिम प्रॉस्पेक्टस वेगळा दाखल होतो आणि मधल्या बदलांची पुरवणीही निघू शकते. आपण अर्ज केला तो कुठल्या मजकुरावर, हे दाखवायला त्या तारखेचीच प्रत लागते.